उदाहरणातले दहा लाख

विम्याच्या तीन प्रकारांतला फरक समजावून सांगणारा एक छोटा मेल मी लिहिला होता. त्यातले एकही विधान चुकीचे नव्हते. तरीही त्या मेलच्या आधाराने एका कुटुंबाने चुकीचा निर्णय घेतला. प्रत्येक पायरी बरोबर असताना उत्तर चुकते कसे, एवढाच प्रश्न मला येथे सोडवायचा आहे.

मी नांदेडच्या एका शाळेत बत्तीस वर्षे गणित शिकवले. निवृत्त झाल्यावर रिकामे बसवेना, म्हणून विमा प्रतिनिधीची परीक्षा दिली आणि शहरालगतच्या विष्णुपुरीतल्या घरात पुढच्या खोलीत एक टेबल मांडून काम सुरू केले. माझ्याकडे येणारे बहुतेक जण शिक्षक असत, किंवा माझे जुने विद्यार्थी. ते मला अजून ‘बाई’च म्हणतात. मी सांगितलेले त्यांना पटते, कारण कधीकाळी मी फळ्यावर लिहिलेले उत्तर पुस्तकाच्या मागच्या उत्तराशी जुळत असे. या विश्वासाचा मला अभिमान होता. आज त्याकडे मी थोड्या भीतीने पाहते.

ज्याच्यासाठी तो मेल लिहिला तो मुलगा मूळचा उदगीरचा. वडिलांचे तिथे डाळीचे दुकान. शिक्षणासाठी तो मामाकडे नांदेडला राहिला आणि आठवी ते दहावी माझ्या वर्गात होता. पुढे लातूरला एका खाजगी क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवू लागला. एकतिसाव्या वर्षी, दुसरी मुलगी झाल्यावर, त्याने मला फोन केला.

“बाई, विमा काढायचाय. पण त्यातलं मला काडीचं कळत नाही.”

“अरे, तू भौतिकशास्त्र शिकवतोस ना?”

“ते सोपंय, बाई. त्यात एजंट नसतो.”

मी हसले. तो पुढे म्हणाला, “टर्म म्हणे, एन्डोमेंट म्हणे, युलिप म्हणे. क्लासमध्ये प्रत्येक जण वेगळंच सांगून राहिलाय. तुम्ही मेल करा. पण छोटा करा हं. आमची पोरं दीड मिनिटाच्या वर काही वाचत नाहीत, आता मलाही तीच सवय लागलीय. आणि आप्पांना अन् हिला पण दाखवायचाय.”

त्या संध्याकाळी मी बसून मेल लिहिला. वर्गातला धडा तयार करावा तसाच. तो माझ्याकडे अजून आहे आणि प्रश्न सोडवायचा तर तो समोर असायला हवा, म्हणून अभिवादन वगळून जसाच्या तसा देते.

“तिन्हींची तुलना सोपी व्हावी म्हणून प्रत्येकात विम्याची रक्कम दहा लाख धरली आहे. हप्ते तुझ्या वयाला अंदाजे आहेत.

पहिला, टर्म. हा निव्वळ संरक्षणाचा विमा. वर्षाला हप्ता तीन हजारांच्या आसपास. ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाल्यास वारसाला दहा लाख मिळतात. मुदत संपेपर्यंत व्यक्ती हयात असेल तर काहीही परत मिळत नाही. हप्ता थांबला की सवलतीच्या दिवसांनंतर संरक्षण संपते.

दुसरा, एन्डोमेंट. हा संरक्षण आणि बचत एकत्र असलेला विमा. मुदत वीस वर्षे, हप्ता वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास. मृत्यू झाल्यास दहा लाख आणि तोवर जमा झालेला बोनस. मुदतअखेर हयात असल्यास तेवढेच दहा लाख आणि पूर्ण मुदतीचा बोनस. बोनस दरवर्षी कंपनी जाहीर करते. त्याचा दर आधी ठरलेला नसतो. मध्येच सोडल्यास भरलेल्यापेक्षा कमी मिळण्याचा संभव असतो, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांत.

तिसरा, युलिप. हप्त्यातून शुल्क वजा होते आणि उरलेली रक्कम तू निवडलेल्या फंडात, म्हणजे बाजारात, गुंतवली जाते. दहा लाखांच्या संरक्षणासाठी साधारण एक लाखाचा वार्षिक हप्ता. मृत्यू झाल्यास दहा लाख किंवा फंडाचे मूल्य, यांपैकी जे जास्त असेल ते. मुदतअखेर फंडाचे त्या दिवशीचे मूल्य. ते वाढलेले असेल किंवा घटलेले, जोखीम तुझी. पहिली पाच वर्षे पैसे काढता येत नाहीत.

शांतपणे वाच. शंका असल्यास विचार.”

मेल पाठवण्यापूर्वी मी तो तीनदा तपासला. एक शब्द बदलला. मूळ मसुद्यात ‘पैसे बुडतात’ असे होते, तिथे ‘काहीही परत मिळत नाही’ असे केले. कारण घरात वर्षभर आग लागली नाही म्हणून आगीच्या विम्याचा हप्ता बुडाला असे आपण म्हणत नाही. इतकी मी काळजी घेतली होती.

पंधरा दिवसांनी त्याने बोलावले. सकाळच्या एसटीने लोहा, अहमदपूर, चाकूर करीत मी दुपारी लातूरला पोचले. क्लासच्याच भागात त्याची भाड्याची दोन खोल्यांची जागा होती. खालच्या मजल्यावर मुलांची खानावळ, जिन्यात चपलांचे ढीग. उदगीरहून त्याचे वडील मुद्दाम आले होते, येताना तूरडाळीचे पोते घेऊन. कपाळाला विभूती, अंगात पांढरा सदरा. मेलची छापील प्रत त्यांच्या मांडीवर होती. मुलाने त्यांना ती आधीच वाचून दाखवली होती.

“शरणार्थी, मॅडम,” ते लिंगायतांच्या रीतीने नमस्कार करीत म्हणाले आणि लगेच कामावर आले. “ह्ये पहिलं काय म्हनतंय? पोरगं जगलं तर आमचे पैशे गेले?”

“मुदतीत काही झाले नाही तर परत काही मिळत नाही. बरोबर.”

“अन् मेलं तर मिळतेत.”

“आप्पा!” मुलगा म्हणाला.

“आरं, इच्यारून राहिलो. यप्पा, म्हंजे पैशे वसूल व्हायचे तर पोरगं मरावं लागतंय! असला सौदा चाळीस वर्सांत केला न्हाई मी.”

सगळे हसले. मीही हसले. हसण्यासारखेच होते ते.

युलिपचा निकाल त्यांनी त्याहून लवकर लावला. “ह्ये बाजारावर हाय म्हन्ता. बाजार मी रोज बघतो. सकाळी तुरीला येक भाव, दुपारी दुसरा. पोराच्या जिवाला त्यो काटा नगं.”

“मग मधलाच राहिला,” मुलगा म्हणाला. “मेलो तरी दहा, जगलो तरी दहा, वर बोनस. बाई, हे तर उघडंच आहे.”

“हप्त्याची ओळ पुन्हा वाच,” मी सांगितले. “पन्नास हजार. दरवर्षी. वीस वर्षे जमेल का?”

“जमेल. एवढी तर बचत होतेच.”

मला समाधान वाटले. विद्यार्थ्याने पाठांतर न करता, माझ्या मांडणीवरून स्वतः निष्कर्ष काढला होता. शिक्षकाला याहून जास्त काही नको असते.

त्याची पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. धाकटी कडेवर, थोरली पदराला धरून. ती किनवट तालुक्यातल्या इस्लापूरची. बारावी झालेली, बोलायला कमी. सासऱ्यांसमोर तर आणखी कमी. आता तिने मला विचारले, “बाई, दहाच लाख काऊन?”

“ते उदाहरण म्हणून घेतले आहेत,” मी म्हणाले.

“मंग आपल्याला किती लागतील?”

त्या खोलीत त्या दिवशी विचारलेला हा एकच योग्य प्रश्न होता. त्याचे उत्तर मी द्यायला हवे होते. त्यासाठी मला त्याचा पगार, घराचा महिन्याचा खर्च, मुलींची वये विचारावी लागली असती आणि मग तो नसताना हे घर किती वर्षे कशावर चालेल, हे त्याच्या देखत, त्याच्या वडिलांच्या देखत, मांडावे लागले असते. मी तोंड उघडले होते.

तेवढ्यात सासरे म्हणाले, “आगं पोरी, दिवेलागनीला मरनाच्या गोष्टी काढू नये. च्या ठेव.”

ती आत गेली. आमच्याकडे हा रिवाज आहे आणि मीही तो लहानपणापासून पाळत आले आहे. दिवेलागणीला नखे काढत नाहीत, केर बाहेर टाकत नाहीत, अशुभ बोलत नाहीत. चहा आला, आणि शेवटची बस गाठायची म्हणून मी लगेच प्रस्तावाचा अर्ज भरला. विम्याच्या रकमेच्या चौकटीत दहा लाख लिहिले. उदाहरणातला आकडा अर्जात उतरला आणि तिथे त्याला कोणी पुन्हा हात लावला नाही.

त्याने दोन वर्षे वेळेवर हप्ते भरले. तिसराही भरला. त्यानंतर दुसऱ्या महिन्यात, सकाळच्या सातच्या तुकडीला शिकवताना, त्याच्या छातीत दुखू लागले. मुलांना वाटले सर पाणी प्यायला थांबले आहेत. दवाखान्यात नेईपर्यंत संपले होते. तेहेतीस वर्षांचा, कोणते व्यसन नाही, कोणता आजार माहीत नाही.

माती उदगीरला झाली. मी पोचले तेव्हा लोक परतत होते. त्याचे वडील ओट्यावर बसले होते. मला पाहून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “मॅडम, तुमचा कागद घरात हाय. त्यो तेवढा बगा.”

दाव्याचे काम मी स्वतः केले. मृत्यूचा दाखला, मूळ पॉलिसी, दवाखान्याची कागदे, क्लासचे पत्र, पत्नीच्या खात्याचा रद्द केलेला धनादेश. पॉलिसीला तीन वर्षे झालेली नसल्याने कंपनीने चौकशी केली. एक माणूस लातूरला येऊन गेला, दवाखान्यात आणि क्लासमध्ये विचारून गेला. लपवलेले काही नव्हते, म्हणून काही निघाले नाही. दोन महिन्यांत दहा लाख आणि जमा झालेला बोनस तिच्या खात्यात आला. कंपनीने शब्द पाळला. मेलमध्ये लिहिले होते तेवढे, तसेच, मिळाले. मी फाइलवर ‘निकाली’ असे लिहिले आणि कपाटात ठेवली.

त्यानंतर महिनाभराने ती विष्णुपुरीला आली. सोबत कोणी नव्हते. मुली शेजारणीकडे ठेवल्या होत्या. हातात बँकेतून मिळालेले एक गुळगुळीत पत्रक आणि माझ्या मेलची तीच छापील प्रत होती, घड्यांवर फाटत आलेली.

“बाई, बँकेतला सायब दोनदा घरी येऊन गेला,” ती म्हणाली. “पैशे खात्यावर पडले हे त्याले दिसलं. म्हनते, युलिप घ्या. दोन लाख वर्षाले, पाचच वर्षं भरा, मंग दुप्पट. म्या म्हनलं, आधी बाईला इचारते.”

पत्रक मी वाचले. त्यात पाच वर्षांचा उल्लेख होता, दुपटीचा नव्हता. मी तिला सांगितले की पाच वर्षे ही पैसे अडकून राहण्याची किमान मुदत आहे, दुप्पट होण्याची नव्हे. मध्येच हप्ता थांबला तर शुल्क कापून रक्कम वेगळ्या फंडात जाते, विमा संपतो आणि पाच वर्षे पुरी झाल्याशिवाय हातात पैसा येत नाही.

“म्हंजे मले आता पैसा लागला तर भेटनार न्हाई.”

“नाही.”

“मंग न्हाई पायजे.” तिने पत्रक उलटे करून ठेवले. “घर चालवायला म्हैन्याला किती भेटतीन, ते सांगा. पोरींना लातुरातच शिकवायचं होतं ह्यांना. थोरली पहिलीत गेली. शाळा चांगली हाय.”

तिला एवढेच हवे होते, लातूर सोडावे न लागणे. मी हिशेब मांडला. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत एका नावावर नऊ लाख ठेवता येतात. त्याचे व्याज महिन्याला साडेपाच हजारांच्या आसपास येते.

“जागेचं भाडंच सहा हजार हाय,” ती म्हणाली. आवाज न चढवता, जसे कोणी वजाबाकी वाचून दाखवावी.

मग तिने विचारले, “बाई, माझा काढा. तो पहिला. मरनाचा. आता पोरींना मीच हाय.”

मला खाली पाहावे लागले. टर्म विमा मिळतो तो कमाईच्या प्रमाणात. जो कमावतो त्याच्या जाण्याने घराचे किती नुकसान होईल, त्यावर कंपनी मर्यादा ठरवते. तिला कमाई नव्हती. आज अर्ज केला तर कंपनी बहुधा परत पाठवील, किंवा अगदी थोड्या रकमेचा देईल, हे मी तिला सांगितले.

“मंग ह्यांची तर कमाई होती,” ती म्हणाली. “ह्यांना किती भेटला असता?”

मी कोरा कागद घेतला. अर्जासोबत त्याने दिलेल्या प्राप्तिकराच्या विवरणातले उत्पन्न मला पाठ होते. त्यावर साधारण पंचाहत्तर लाखांपर्यंत संरक्षण मिळाले असते. त्याचा वर्षाचा हप्ता बारा हजारांच्या आसपास. मी तीन ओळी आखल्या, आणि या वेळी विम्याच्या रकमेऐवजी हप्ता सारखा धरला. बारा हजार, तिन्हींना. टर्मपुढे पंचाहत्तर लाख आले. एन्डोमेंटपुढे दोन लाख चाळीस हजार. युलिपपुढे, हप्त्याच्या दहापट, एक लाख वीस हजार.

कागद मी तिच्याकडे वळवला. तिने माझ्या मेलची प्रत शेजारी ठेवली. एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिले. बारावी झालेल्या बाईला एवढे वाचायला किती वेळ लागणार.

“आम्ही पन्नास भरत होतो,” ती म्हणाली. “त्यातले बारा गेले असते. अडतीस उरले असते.”

“ते वेगळे साठवता आले असते. पोस्टात, बँकेत, कुठेही.”

“म्हंजे ह्यो कागद तवा दिला असता तर...”

“हो,” मी म्हणाले. वाक्य तिला पुरे करावे लागू नये, एवढेच मला करता आले.

तिने दोन्ही कागद एकावर एक ठेवले. मग म्हणाली, “बाई, राग नका मानू. त्या मधल्यात तुम्हाला कमिशन जास्त भेटलं का?”

“हो. टक्केवारीत फार फरक नसतो. पण हप्ता चौपट, म्हणून माझी रक्कमही चौपटीच्या आसपास.”

“त्याच्यासाठी तसं लिवलं?”

“नाही.”

तिने मान हलवली. तिला ते खरे वाटले की नाही, मला सांगता येणार नाही. तपासून पाहायला तिच्याजवळ काही साधन नव्हते, आणि माझ्याजवळही माझ्या शब्दापलीकडे पुरावा नव्हता.

“तुमचा कागद लई साफ होता, बाई,” उठताना ती म्हणाली. “सगळं ओळीत, सगळं बराबर. म्हनून तर कोनी काही इचारलंच न्हाई.”

पुढच्या आठवड्यात मी त्या पॉलिसीवर मला मिळालेले सगळे कमिशन तिच्या खात्यावर भरले. तिने ते घेतले. परत केले नाही, आभारही मानले नाहीत, आणि दोन्ही योग्यच होते. त्या रकमेत घरभाड्याचे चार-पाच महिने निघाले. मे महिन्यात थोरलीचा निकाल लागल्यावर तिने लातूरची जागा सोडली आणि मुलींना घेऊन इस्लापूरला भावाकडे गेली. थोरली आता गावातल्या शाळेत जाते. ती स्वतः शिवणकाम शिकते आहे, असे तिने फोनवर सांगितले. उदगीरहून दर महिन्याला डाळ येते. आप्पा स्वतः आणून देतात, दारातच ठेवतात आणि पुढच्या बसने परत जातात. घरात बसत नाहीत, असे ती म्हणाली.

आता मूळ प्रश्नाकडे येते. चूक कुठे झाली?

मी बत्तीस वर्षे मुलांना सांगितले, दोन अपूर्णांकांची तुलना करायची तर आधी छेद समान करा. हात इतका बसला होता की विम्याच्या तीन प्रकारांची तुलना करतानाही मी न विचारता एक राशी समान करून टाकली. पण तिथे समान करता येतील अशा राशी दोन होत्या, विम्याची रक्कम आणि हप्ता. रक्कम समान धरली की मृत्यूच्या रकान्यात तिघेही जवळपास सारखे दिसतात. मग वाचणाऱ्याची नजर दुसऱ्या रकान्यावर जाते, जगलो तर काय मिळेल, आणि तिथे एन्डोमेंट जिंकतो. जो जगण्याचीच अपेक्षा धरून आहे अशा एकतीस वर्षांच्या माणसाला तो नक्कीच जिंकलेला दिसणार. हप्ता समान धरला असता तर जो फरक सर्वांत मोठा आहे तो पहिल्याच रकान्यात दिसला असता. माझ्या मांडणीने नेमका तोच फरक पुसून टाकला होता. विधाने खरी होती. मी तुलनेचा पाया चुकीचा निवडला होता. वर्गात अशा उत्तराला मी पायऱ्यांचे गुण दिले असते. घराला असे गुण मिळत नाहीत.

दुसरी चूक लहान दिसते, पण मला ती अधिक बोचते. मी दहा लाख उदाहरण म्हणून लिहिले आणि ते उदाहरणच राहील असे गृहीत धरले. ज्याला विषय नवा असतो, त्याला गुरुजनांनी दिलेले उदाहरण हेच उत्तर वाटते. हे मला माहीत असायला हवे होते. दर वर्षी परीक्षेत निदान चार मुले प्रश्नातले आकडे सोडून पुस्तकातल्या उदाहरणाचे आकडे लिहून येत. मी त्यांच्या उत्तरपत्रिकेवर लाल शाईने ‘प्रश्न वाच’ असे लिहीत असे. त्या घरात प्रश्न एकाच व्यक्तीने वाचला होता आणि तिला आम्ही चहा ठेवायला सांगितले.

त्याच्या वडिलांना मी दोष देत नाही. त्यांनी माझ्या कागदावर जे दिसले त्यावरून व्यापारी माणसासारखा भाव केला. दिवेलागणीचे म्हणाल तर ते दुसऱ्या दिवशी सकाळीही बोलता आले असते. मी शेवटच्या बसची घाई केली नसती आणि एक रात्र कुठे राहिले असते, तर सकाळी उजेडात ‘किती लागतील’ हा प्रश्न मी स्वतः पुन्हा काढू शकले असते. अर्ज त्याच संध्याकाळी भरायचा होता, असे कोणी म्हटले नव्हते. मीच पेन काढले होते.

एन्डोमेंट किंवा युलिप ही फसवणूक आहे, असे मला म्हणायचे नाही. ज्याच्यावर कोणी अवलंबून नाही, किंवा ज्याने संरक्षण आधीच पुरेसे घेतले आहे आणि आता सक्तीची बचत हवी आहे, त्याने ते समजून घेतले तर हरकत नाही. पण ज्याच्या कमाईवर घर चालते, त्याने आधी फक्त एकच, मृत्यूचा, रकाना पाहावा. मी तो मेल आता कोणाला पाठवत नाही. कोणी विचारले तर आधी विचारते, घरात किती माणसे आहेत आणि तुम्ही नसाल तर ती किती वर्षे, कशावर राहतील. काही जण उठून जातात. काहींना मी अशुभ वाटते.

येथे दिलेले हप्ते अंदाजे आहेत. वय, मुदत, आरोग्य आणि कंपनी यांप्रमाणे ते बदलतात, नियमही बदलत असतात. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका. एक कागद घ्या, तुम्हाला वर्षाला परवडेल तो एकच हप्ता तिन्ही प्रकारांपुढे लिहा, प्रत्येकात आज मृत्यू झाल्यास घरी किती येतील हे कंपनीकडून लेखी मागवा, आणि उत्तर स्वतः पडताळून पाहा.